तीनशे युनिटांची रेघ

बिलाचा कागद माझ्या हातात होता आणि वरच्या माळ्यावरची शिवणकाम करणारी ताई बुंदीची वाटी घेऊन दारात हसत उभी होती.

"भाऊ, तुमच्या हिशोबापेक्षाई कमी आलं," ती म्हणाली.

मी आकडा पाहिला. तीन हजार सत्तर. मी तिला तीन हजार सातशे तेवीस सांगितले होते. साडेसहाशे रुपयांचा फरक. तिच्यासाठी ही आनंदाची गोष्ट होती, म्हणून बुंदी. मी मात्र आकडा पुन्हा वाचला. मी तेहतीस वर्षं छापखान्यात दर काढून दिले आहेत. कागद, शाई, मजुरी, बांधणी, सगळं धरून मी सांगितलेला आकडा कधी पाच रुपयांनीसुद्धा हलत नसे, आणि गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की मालक माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, याच्याशी बोला, हा देवाशीही भाव ठरवून येईल. माझा हिशोब साडेसहाशेनं चुकतो म्हणजे कुठेतरी काहीतरी भलतंच झालेलं असणार. आणि त्या हिशोबावर ताईच्या घरात काय काय झालं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"बसा न," असं काहीतरी मी पुटपुटलो. ती बसली नाही. वर लेकरू उठलं असेल म्हणाली आणि जिना चढून गेली. वाटी आणि बिल माझ्या हातातच राहिलं.

आमचं घर भाड्याचं. खाली मी आणि बायको, वर ही ताई. घरमालक दुसऱ्या वस्तीत राहतो, भाडं घ्यायला येतो. दोन्ही घरांची मीटरं जिन्याखाली एकाच लाकडी फळीवर आहेत, डावीकडचं आमचं, उजवीकडचं तिचं. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. शाळेचे गणवेश, परकर, ब्लाउज शिवून तिनं एकटीनं मुलगी वाढवली आणि कुही गावात दिली. जावई बुटीबोरीच्या कापड गिरणीत पाळीवर जातो. मुलगी मला मामा म्हणते, लहानपणापासून.

त्या उन्हाळ्यात मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. एरवी वर एक पंखा, एक शिवणयंत्र आणि जुना फ्रिज एवढाच कारभार. पण मे महिना, डोक्यावर तापलेला स्लॅब, आणि खोलीत बाळंतीण न् बाळ. ताईनं उधारउसनवार न करता, शिवणाच्या पैशातून एक कूलर घेतला, त्याला नव्या वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि तो दिवसरात्र चालू ठेवला. खाली आमच्या घरातही त्याची घरघर ऐकू येई. बायको म्हणायची, बरं वाटते ऐकून, लेकरू निजलं असंन.

बाळ बारा दिवसांचं होतं, मुलगी. त्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास ताई मोबाईल घेऊन खाली आली. काचेला तडा गेलेला मोबाईल. त्यात बचत गटाच्या कुणा बाईनं पाठवलेला स्क्रीनशॉट होता, विजेच्या दरांचा तक्ता.

"भाऊ, हे पाहून सांगा न, यावेळी बिल किती येईन. गटातल्या बाया म्हणतात, तीनशेच्या वर गेलं का मेलं."

अशी विचारणा मला आवडते. खोटं कशाला बोलू? वस्तीतलं कुणीही कागद घेऊन आलं की माझी छाती दोन बोटं पुढे येते. मी चष्मा लावला, वहीचं पान फाडलं, मोबाईल जवळ धरला.

तक्त्यात चार ओळी होत्या. शून्य ते शंभर युनिट, दर चार रुपये सत्तर पैसे. एकशे एक ते तीनशे, दहा रुपये तीस पैसे. तीनशे एक ते पाचशे, चौदा रुपये साठ पैसे. त्यावरची ओळ आमच्या कामाची नव्हती. वीज आणून पोचवण्याचा खर्च या दरांतच धरलेला आहे, असं वर लिहिलं होतं. खाली आणखी दोन गोष्टी होत्या: स्थिर आकार महिना एकशे तीस रुपये, आणि सगळ्याची बेरीज करून तिच्यावर सोळा टक्के वीज शुल्क.

"मागचं बिल आणा," मी म्हणालो.

तिनं ते यंत्राच्या खणातून काढून आणलं. त्यावरून मी मागचं रीडिंग घेतलं, सहा हजार दोनशे चौदा, आणि बिल तिला परत दिलं. मग जिन्याखाली जाऊन तिचं मीटर वाचलं: सहा हजार चारशे त्र्याण्णव. म्हणजे दोनशे एकोणऐंशी युनिट जळले होते. रीडिंगवाला दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेला येतो, तो गुरुवारी येणार होता. चार दिवस बाकी. गेल्या आठवड्याचा अंदाज घेतला तर दिवसाला दहा युनिट जात होते, त्यातले पाचेक एकट्या कूलरचे. चार दिवसांचे चाळीस. एकूण तीनशे एकोणीस.

तीनशे एकोणीस. रेघेच्या पलीकडे एकोणीस.

आता इथे मला माझ्या छापखान्याबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे लग्नपत्रिकांचे दर नगावर असत. पाचशेपर्यंत पत्रिका घेतल्या तर चार रुपयाला एक, आणि पाचशेच्या वर गेल्या तर तीन रुपयाला एक. आणि वर गेल्या म्हणजे सगळ्याच तीन रुपयाला, पहिल्या पत्रिकेपासून. एखादा चारशे ऐंशी पत्रिका सांगायला आला की मी त्याला थांबवत असे. चारशे ऐंशीचे एकोणीसशे वीस होतात, पाचशे एकचे पंधराशे तीनच. एकवीस पत्रिका जास्त घ्या आणि चारशे सतरा रुपये वाचवा. गिऱ्हाईक चक्रावून जाई, मग चहा पाजी. तेहतीस वर्षं मी लोकांना रेघेच्या इकडून तिकडे उड्या मारायला शिकवलं. तक्ता दिसला की पहिल्यांदा माल कुठल्या ओळीत बसतो ते पाहायचं, आणि त्या ओळीचा दर सगळ्या मालाला लावायचा, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं होतं.

तीनशे एकोणीस बसत होते तिसऱ्या ओळीत. मी तीनशे एकोणीसला चौदा साठनं गुणलं. चार हजार सहाशे सत्तावन्न रुपये चाळीस पैसे. त्यात एकशे तीस, वर सोळा टक्के. पाच हजार पाचशे त्रेपन्न.

मी आकडा सांगितला तेव्हा ताई खाली बसली. खुर्ची मागे आहे की नाही हे न पाहता बसली, जिन्याच्या पायरीवर. "साडेपाच हजार?" ती म्हणाली. "मंग बारसं कायचं करू?"

मला तिची दया आली, आणि त्याहून जास्त, आता आपली हुशारी दाखवायची वेळ आली याचा आनंद झाला. हे लिहितानासुद्धा लाज वाटते. मी कागदाच्या दुसऱ्या बाजूला लिहिलं: दोनशे नव्याण्णव गुणिले दहा तीस. तीन हजार एकोणऐंशी रुपये सत्तर पैसे. अधिक एकशे तीस, अधिक सोळा टक्के. तीन हजार सातशे तेवीस.

"हे पाहा ताई. चार दिवस कूलर बंद ठेवा. दिवसाचे पाचच युनिट जातील, चार दिवसांचे वीस. दोनशे एकोणऐंशी अन् वीस, दोनशे नव्याण्णव. रेघेच्या आत. अठराशे तीस रुपये वाचतात."

ती कागदाकडे पाहत राहिली. "लेकरू बारा दिवसाचं आहे, भाऊ."

"चारच दिवस तर आहेत. आपल्या मायनं आपल्याले कुठं कूलरमंधी वाढवलं?"

हे वाक्य मी बोललो. इतर कुणी नाही.

बायको स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. ताई वर गेल्यावर ती म्हणाली, "अजी, वरचा माळा तव्यासारखा तापते. त्याईले खाली आपल्या कूलरमंधी बोलवा." आणि ती स्वतःच वर जाऊन बोलावूनही आली. पण सव्वा महिना व्हायच्या आत बाळंतीण दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकत नाही, हे तिकडून ठरलेलं होतं. मुलीची सासू फोनवरून दर दिवशी तेच बजावत होती. बायको हात हलवत परत आली आणि त्या दिवशी माझ्याशी फारसं बोलली नाही. बाईमाणसाला हिशोब कळत नाही, असं मी मनात म्हटलं.

वरची घरघर थांबली. आमच्या छतावर एकदम शांतता आली.

सोमवारी सकाळी मी मीटर पाहिलं: सहा हजार चारशे अठ्ठ्याण्णव. बरोबर पाच. मंगळवारी पाचशे तीन. बुधवारी पाचशे आठ. रोज सकाळी दात घासत मी जिन्याखाली जाई आणि आकडा पाहून वर हाक मारी, "बरोबर चालू आहे ताई!" क्रिकेटचा स्कोर सांगावा तसा. वरून ताई "व्हय भाऊ" म्हणे. बुधवारी तिचा आवाज बारीक होता. नवतपा, मेअखेरचे सगळ्यात उन्हाचे नऊ दिवस, लागला होता, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि मी माझ्या कूलरपुढे पाय पसरून निजलो होतो. वर ओली चादर दारावर टांगली होती, ती अर्ध्या तासात वाळायची, हे मला नंतर बायकोकडून कळलं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला रीडिंगवाला आला. मी त्याच्या शेजारीच उभा होतो. त्यानं फोटो काढला, आकडा टाकला. सहा हजार पाचशे तेरा. दोनशे नव्याण्णव युनिट, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मला इतका आनंद झाला की मी चप्पल न घालताच जिना चढलो.

"ताई, जिंकलो आपण. लावा कूलर," मी अर्ध्या जिन्यातूनच म्हणालो.

ती वरच्या पायरीवर आली. तिच्या हातात बाळ होतं, ओल्या पंच्यात गुंडाळलेलं. बाळाचा चेहरा लाल होता आणि मान अशी पडली होती की मला ती मान नाही, नुसतं कापड आहे असं वाटलं. ओठ सुकून पांढरे झाले होते.

"कालपासून ताप आहे, भाऊ," ती म्हणाली. "सकाळपासून पीतच नाई आहे. डोळे उघडून नाई राहिली."

माझ्या तोंडातला "जिंकलो" अजून तिथंच होता, तो कुठं टाकावा हे मला कळेना. पायांना जिना भाजत होता, ते आता जाणवलं. मग खालून बायको ओरडली, "ऑटो बोलवा, उभे काय राहिले," तेव्हा मी हललो.

सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात बाळाला ठेवून घेतलं. एवढ्याशा हाताला सलाईनची सुई लावताना मी भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सांगितलं, उष्णतेनं ताप चढला आहे, अंगातलं पाणी कमी झालं आहे, एवढ्या लहान बाळाला आपलं अंग थंड ठेवता येत नाही. मग विचारलं, "घरात कूलर नाही का?"

"आहे," ताई म्हणाली. "चार दिवस बंद ठेवला होता. बिलासाठी."

डॉक्टरीणबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहू लागल्या. मी तिथं दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. बंद ठेवायला सांगणारा मी, हे ताईनं सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

पहिले दोन दिवस डॉक्टर काही खात्रीनं बोलत नव्हते. मुलगी खाटेच्या कडेला बसून असे, दूध भरून येई आणि बाळ पीत नसे. जावई बुटीबोरीहून पाळी सोडून आला, भिंतीला टेकून उभा राहिला आणि मला म्हणाला, "मामा, तुमी होते म्हणून बरं, ऑटो लवकर भेटला." मला वाटलं, हा माझ्या कानाखाली का मारत नाही.

तिसऱ्या दिवशी बाळानं तोंड लावलं. पाचव्या दिवशी घरी सोडलं. ताईनं दवाखान्याच्या दारात मला थांबवलं आणि पदराच्या गाठीतले सुटे पैसे मोजत म्हणाली, "दोन औषधं बाहेरून आणा लागली, भाऊ. बरं झालं तुमच्यामुळं ते अठराशे वाचून राहिले. त्यातच झालं समजा."

तेव्हा मला वाईट वाटलं, पण ते एका समजुतीच्या आधारानं वाटलं होतं. माझा सल्ला महागात पडला, पण हिशोब खरा होता. अठराशे तीस रुपये म्हणजे तिच्यासाठी खरंच मोठी रक्कम होती, मी कुणाही शहाण्या माणसानं दिला असता तसाच सल्ला दिला. या आधारावर मी दहा दिवस जेवलो, झोपलो, पेपर वाचला.

आणि आता बुंदीची वाटी आणि बिल माझ्या हातात होतं.

मी खिडकीजवळ गेलो आणि बिल पुन्हा वाचलं. एकूण युनिट दोनशे नव्याण्णव. त्याखाली बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. शंभर युनिट, चार सत्तरप्रमाणे, चारशे सत्तर रुपये. एकशे नव्याण्णव युनिट, दहा तीसप्रमाणे, दोन हजार एकोणपन्नास रुपये सत्तर पैसे. बेरीज दोन हजार पाचशे एकोणीस सत्तर, अधिक एकशे तीस, वर सोळा टक्के, तीन हजार त्र्याहत्तर रुपये पासष्ट पैसे. दहाच्या पटीत करून तीन हजार सत्तर.

शंभर युनिट, चार सत्तरप्रमाणे. ही ओळ मी किती वेळा वाचली कोण जाणे. पहिले शंभर स्वस्तच राहिले होते. एकूण कितीही झाले तरी ते स्वस्तच राहतात. पुढचे दोनशे त्यांच्या दरानं, त्यापुढचे त्यांच्या. रेघ ओलांडली तर ओलांडलेल्या युनिटांनाच वाढीव दर लागतो, मागच्यांना कुणी हात लावत नाही. छापखान्यातल्यासारखं इथे काही नाहीच.

मी टेबलाशी बसलो. आकडे मोठे काढले. कूलर चालू राहिला असता तर तीनशे एकोणीस. पहिले शंभर, चारशे सत्तर. पुढचे दोनशे, दोन हजार साठ. राहिले एकोणीस, चौदा साठनं दोनशे सत्त्याहत्तर रुपये चाळीस पैसे. एकूण दोन हजार आठशे सात चाळीस. एकशे तीस मिळवले. सोळा टक्के चढवले. तीन हजार चारशे सात रुपये.

वजा तीन हजार त्र्याहत्तर. तीनशे चौतीस रुपये.

मी वजाबाकी पुन्हा केली, कारण मला वाटलं एखादा आकडा सुटला असेल. तीनशे तेहतीस रुपये त्र्याहत्तर पैसे. अठराशे तीस नाही. चार दिवस, चोवीस तास, बारा दिवसांच्या बाळासाठी थंड हवा, तिची एकूण किंमत एवढी होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे त्या रविवारीही माझ्या हातात होतं. तिनं मागचं बिल आणून दिलं होतं, त्यावरही हेच दोन बारीक ओळींत लिहिलेलं असणार. मी त्यावरून फक्त रीडिंग घेतलं आणि परत दिलं. माझ्या स्वतःच्या घरीही दर महिन्याला बिल येतं. ते मुलगा पुण्याहून मोबाईलवर भरतो आणि मी एकूण आकडा पाहून सरकारला शिव्या घालतो, बस.

मला घाम फुटला होता, कूलरपुढे बसून.

बायको आली, कागद पाहिला. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिले सांगा."

"आता लेकरू बरं आहे. बारसं झालं. कायले उकरून काढायचं?"

"थे बुंदी उतरन काय तुमच्या घशाखाली?" तिनं विचारलं.

उतरणार नव्हती. मी कागद आणि बिल घेऊन वर गेलो. कूलर चालू होता. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि बाळ साडीच्या झोळीत निजलं होतं. ताई निळ्या शर्टाला कॉलर लावत होती, शाळा सुरू व्हायच्या दिवसांचं काम. मी म्हणालो, ताई, यंत्र थांबवा जरा.

मी सगळं सांगितलं. माझा हिशोब कसा चुकला, छापखान्याची खोड कशी नडली, खरं बिल किती आलं असतं. मी मध्ये मध्ये माफी मागत होतो आणि ती माफी तिच्यापर्यंत पोचत नव्हती, कारण ती कागदावरचा शेवटचा आकडा पाहत होती.

"म्हणजे तीनशे चौतीस," ती म्हणाली.

"व्हय."

"चार दिवसाचे."

"व्हय."

"मंग एका दिवसाचे किती?"

मी तोंडीच हिशोब केला. "त्र्याऐंशी रुपये. वर त्रेचाळीस पैसे."

तिनं मांडीवरचा शर्ट उचलून पाहिला. "एका शर्टाची शिलाई मी नव्वद घेतो," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "एक शर्ट रोज जास्त शिवला असता. चार शर्ट. मी तर तसेई चार दिवस रिकामीच बसून होतो, लेकराले वारा घालत."

खाटेवर मुलगी जागी होती. तिनं तोंड फिरवलं नाही, पण झोळीची दोरी हातात घट्ट धरली, ते मला दिसलं. तिनं मला त्या दिवशी मामा म्हटलं नाही.

मी उठायला लागलो. ताई म्हणाली, "बसा. मले शिकवा हे."

"काय?"

"हिशोब. मोबाईलमंधला थो तक्ता पाहून बिल कसं काढतात थे. पुढच्या खेपेले मी कोणाले विचारत नाई बसणार."

तिनं कापडावर खुणा करायचा निळा खडू घेतला आणि फरशीवर लिहायला लागली. मी सांगत गेलो: पहिले शंभर वेगळे काढा, मग पुढचे दोनशे, मग उरलेले. प्रत्येकाला त्याचाच दर. मग बेरीज, मग एकशे तीस, मग सोळा टक्के. तिनं यंत्राच्या खणातून मागचं बिल काढलं. एकशे बेचाळीस युनिटांचं. मी गप्प बसलो. तिनं लिहिलं: शंभरचे चारशे सत्तर, बेचाळीसचे चारशे बत्तीस साठ, दोन्ही मिळून नऊशे दोन साठ. एकशे तीस मिळवले, एक हजार बत्तीस साठ. सोळा टक्के मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर काढले. अकराशे सत्त्याण्णव रुपये ब्याऐंशी पैसे. बिलावर होतं बाराशे.

"जुळलं," ती म्हणाली.

सातवी शिकलेली बाई. दहा मिनिटं लागली. त्या रविवारी मी मोबाईल तिच्या हातात ठेवून नुसतं म्हटलं असतं, की मागच्या बिलावर कसं काढलंय ते आधी पाहा, तर तिनं तेव्हाच काढलं असतं. पण मला छाती पुढे काढायची होती.

ती उठली, कूलरच्या बटणाजवळ गेली आणि भिंतीवर त्याच निळ्या खडूनं लिहिलं: एक दिवस, ८३ रुपये. मग यंत्रावर बसली आणि पाय चालवू लागली. मी खाली आलो.

याला आता वर्ष झालं. या मेमध्ये ती माझ्याकडे आली नाही. बचत गटातल्या बायाच तिच्याकडे मोबाईल घेऊन येतात, जिन्यावर चपला दिसतात. ती त्यांना फरशीवर लिहून दाखवते. माझ्याशी ती चांगलं बोलते, सणाला वाटी पाठवते. भाऊ म्हणते.

परवा तिचं कुरिअर माझ्याकडे आलं होतं, ते द्यायला मी वर गेलो. मुलगी कुहीहून आलेली होती आणि नात भिंतीला धरून चालत होती. तिचा हात कूलरच्या बटणाकडे जात होता, म्हणून आईनं तिला कडेवर घेतलं आणि ती ते खट खट करू लागली. ताई यंत्रावरून न उठता म्हणाली, "चालू राहू दे वं माय."

बटणाच्या वर निळी अक्षरं होती. शिंप्याचा खडू वर्षभर टिकत नाही, हात लागला की पुसतो. अक्षरं अगदी ताजी होती. ताई ती पुन्हा पुन्हा गिरवत असणार.